बारा तासांचं विष आणि फिल्टरची टाकी

"उकळलेलं पाणी १२ तासांनंतर पिऊ नका. त्यातला ऑक्सिजन संपलेला असतो, मेलेले जंतू सडून विष तयार होतं. त्यापेक्षा फिल्टरच्या टाकीतलं पाणी प्या, ते मशीनचं शुद्ध असतं, आठ दिवस तसंच राहतं. घरातल्या सगळ्यांना सांगा."

मी गावात जलसुरक्षक आहे. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकणं आणि पाण्याचे नमुने तपासणं हेच माझं काम. गणपतीत हा निरोप तीन घरांतून माझ्याकडे आला, म्हणून लिहितो.

ऑक्सिजनचं आधी उरकतो. उकळताना पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि पाणी बेचव लागतं, हे खरं. पण आपण श्वास फुफ्फुसांनी घेतो, पोटाने नाही. गार झालेलं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात चारपाच वेळा ओतलं की हवा मिसळते, चवही सुधारते.

मेलेल्या जंतूंचं विषही असंच. आपल्याकडे समुद्रसपाटीला पाण्याला खळखळून उकळी आली आणि ती एक मिनिट टिकली की पोट बिघडवणारे जंतू मरतात. त्यांचे अवशेष इतके थोडे असतात की पोटात ते अन्नासारखेच पचतात. बारा तासांनी त्यांचं विष होत नाही.

मग उकळलेलं पाणी पिऊनही जुलाब का होतात? कारण पाण्यात नवे जंतू जातात आणि त्यांना अडवायला तिथे काही नसतं. टीसीएल घातलेल्या पाण्यात थोडं क्लोरिन उरतं, नंतर हात बुडाला तरी ते काही काळ राखण करतं. उकळताना ते क्लोरिनही उडून जातं.

श्रावणात एका घरी हे करून दाखवलं. संध्याकाळी पातेलंभर पाणी उकळलं. अर्धं त्याच पातेल्यात झाकून ठेवलं, अजिबात उघडलं नाही. अर्धं गार करून माठात ओतलं, त्यात मुलं दिवसभर पेले बुडवत होती. तिसऱ्या दिवशी दोन्हींतलं पाणी एच टू एसच्या बाटल्यांत खुणेपर्यंत भरून ठेवलं. विष्ठेतून येणारे जंतू असतील तर या बाटलीतलं पाणी काळं पडतं. माठाची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच काळी झाली. पातेल्याची ४८ तासांनीही तशीच होती. पाणी एकच, उकळी एकच. (बाटली काळी झाली नाही म्हणून सगळंच ठीक, असं मात्र समजू नये. खाडीकाठच्या विहिरीतला खारटपणा ती दाखवत नाही आणि उकळल्यानेही तो जात नाही.)

माठाच्या आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर तो थर जंतूंचाच. जुन्या पाण्यावर नवं ओतत राहिलं की तो वाढतो. माठ रोज रिकामा करून काथ्याने घासायचा, पाणी दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं, आणि असं उघडझाक होणारं पाणी एका दिवसात संपवायचं. फ्लास्कमधलं पाणी हात पोळेल इतकं गरम आहे तोवर सुरक्षित. रात्रभरात कोमट झालं की त्याला माठाचेच नियम लावायचे, आणि झाकणाची रबरी चकती काढून धुवायची. तिच्याखाली काय साचतं ते एकदा बघाच.

आता फिल्टरची टाकी. मे महिन्यानंतर बंद असलेलं एका चाकरमान्यांचं घर गणपतीला उघडलं, टाकीत सातआठ लिटर पाणी तसंच होतं. मी ओटी टेस्ट केली. नळाच्या पाण्यात थेंब टाकताच पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरिन होतं. टाकीचं पाणी रंगहीन राहिलं. आरओच्या मशीनमध्ये पडद्याच्या आधी कार्बनचं फिल्टर असतं, ते क्लोरिन शोषून घेतं. म्हणजे टाकीतलं पाणी उकळलेल्या पाण्याइतकंच बिनराखणीचं. यूव्हीचा दिवा बहुतेक मशीनमध्ये पाणी वाहताना काम करतो. टाकीत पडून राहिलेलं पाणी त्याच्यासमोर पुन्हा जात नाही. काही मॉडेलमध्ये टाकीतही दिवा असतो, पण पावसात लाइट गेली की तोही बंद.

त्या घरची काकू म्हणाली, "अरे, मशीनचं पाणी ना, मग खराब कसं होईल?" टाकीचं झाकण काढून तिलाच आत बोट फिरवायला सांगितलं. माठासारखंच बुळबुळीत.

दोनतीन दिवस घर बंद असेल तर टाकी नळाने पूर्ण रिकामी करायची, पुन्हा भरायची, तीही ओतून द्यायची, मग प्यायचं. महिनोन्महिने बंद असेल तर सर्व्हिसवाल्याकडून टाकी धुऊन, फिल्टर बदलून घ्यायचे. क्लोरिनचं पाणी फक्त टाकीत वापरायचं, आरओच्या पडद्याला लागलं तर पडदा खराब होतो. नळाचं तोंडही पुसायचं, पेला त्यालाच टेकतो.

काकूने त्या दिवशी टाकी उपसली आणि सर्व्हिसवाला येईपर्यंत पातेल्यात उकळून, झाकून ठेवलेलंच पाणी पाहुण्यांना दिलं.