तोडीची तारीख पुरत नाही, वेळ लिहा

मोहोळ तालुक्यात मी चार हंगाम स्लिपबॉय म्हणून काम केलंय, आता घरचा ऊस बघतो. म्हणजे फडावर उसाच्या गाडीची स्लिप फाडणाराही मीच होतो आणि आता स्लिपची वाट बघणाराही मीच आहे. त्यामुळं गेल्या मार्चमध्ये घरचा खोडवा गेला तेव्हा जे झालं, ते दोन्ही बाजूंनी सांगतो.

ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरल्या. चुलते म्हणाले, "कारखान्याच्या काट्यावर माझा इस्वास न्हाय, आधी बाहेर वजन कर." केलं. निव्वळ 22 टन 400 किलो. गाडी रात्री अकराला गेटवर पोचली आणि रांगेतच उभी राहिली. गव्हाणीला, म्हणजे ऊस मिलमध्ये सोडतात तिथं, लागली तिसऱ्या दिवशी दुपारी. कारखान्याच्या काट्यावर 21 टन 700 किलो. चुलत्यांनी लगेच "काटा मारला" म्हणून आरडाओरडा केला. दोन काट्यांत थोडाफार फरक पडतो, ते मी धरून चालतो. पण माझ्या मते या वेळी काटा मारला नव्हता, उन्हानं मारलं होतं. मार्चच्या उन्हात जवळजवळ 40 तास तुटलेला ऊस उभा राहिला तर तो एवढा वाळतोच.

आता हे का होतं ते बघा. साधा हिशोब आहे, पण तो कुणी मांडून दाखवत नाही.

कारखाना रोज 5000 टन गाळतो असं धरू. म्हणजे ताशी 208 टन, रात्रंदिवस सारखे. तोड मात्र दिवसा होते. टोळी पहाटे फडात उतरते, दुपारपर्यंत तोडते, मग मोळ्या बांधून गाडी भरते. त्यामुळं ऊस यार्डात येतो संध्याकाळी पाच ते रात्री एक या आठ तासांत, ताशी 625 टनांनी. पाचला आलेली पहिली गाडी थेट गव्हाणीला जाते. रात्री एकला येणाऱ्या शेवटच्या गाडीपुढं तोवर 3300 टनांच्या वर ऊस उभा असतो, म्हणजे 16 तास. ती रिकामी होते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला. तिच्यातला ऊस सकाळी सातला तोडला असेल तर तो तुटून 34 तास झालेले असतात. आणि हे काहीही न बिघडता, सगळं सुरळीत चाललेल्या दिवशी! "ऊस 24 तासांत गाळा" हे वाक्य प्रत्येक मेळाव्यात ऐकतो. जवळजवळ निम्म्या गाड्यांच्या बाबतीत ते पहिल्या दिवसापासूनच बसत नाही.

आता मिल आठ तास बंद पडली समजा. 1700 टनांच्या आसपास ऊस साचला, म्हणजे 75 ट्रॅक्टर. लोकांना वाटतं, मिल सुरू झाली की रांग ओसरेल. कशी ओसरेल? मिल पूर्ण क्षमतेनं चालू आहे आणि रोज 5000 टन येतायत, 5000 जातायत. ते 75 ट्रॅक्टर तसेच पुढं सरकत राहतात आणि रोजच्या प्रत्येक गाडीच्या माथ्यावर आठ तास जादा बसतात. तोड कमी करेपर्यंत हे संपत नाही. रोज 500 टनांनी कमी केली तर तीन दिवसांच्या वर लागतात. शिवाय दुपारी दोनला मिल थांबली तर त्या दिवशीचा ऊस आधीच जमिनीवर पडलेला असतो. हातात असते फक्त उद्याची तोड. ती थांबवायची तर निरोप आज संध्याकाळीच मुकादमापर्यंत गेला पाहिजे, कारण टोळी पहाटे चारला निघते.

मी हे आमच्या शेती अधिकाऱ्यांना एकदा बोललो होतो. ते म्हणाले, "आरं बाबा, टोळी एक दिस मोकळी बसवली तर मुकादम उद्या शेजारच्या कारखान्याला पळतोय. आन् मिल लवकर सुरू झाली, गव्हाण मोकळी राहिली, तर शिव्या मलाच." खोटं नाही. सोलापूर जिल्ह्यात कारखान्यांची इतकी गर्दी आहे की ऊस आणि टोळ्या दोन्हीची पळवापळवी चालते. टोळीला टनावर पैसे मिळतात, बसून नाही. म्हणून अधिकारी नेहमी जादा तोड देतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिली असती.

पण या जादा तोडीचा भुर्दंड कुणावर पडतो? गाडी काट्यावर येईपर्यंत घटणारं वजन शेतकऱ्याचं. त्याच वेळात उतरणारी साखर कारखान्याची, कारण एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, सगळ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते, माझ्या ट्रॉलीच्या नाही. आणि साखर गुपचूप उतरते. ऊस तुटला की त्याच्यातलंच विकर साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करायला लागतं, ते दाणेदार साखर होत नाहीत. कापलेल्या तोंडातून जिवाणू शिरतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. टोकाला लाली येते, रसाला आंबूस वास येतो, पाक घट्ट होऊन गाळणीतून लवकर निघत नाही. गंमत म्हणजे या डेक्स्ट्राननं पोलचं, म्हणजे रसातल्या साखरेचं, माप उलट जास्त दाखवतं. प्रयोगशाळेच्या कागदावर ऊस बरा दिसतो आणि पोत्यात साखर कमी भरते.

हार्वेस्टरचा ऊस तर आणखी नाजूक. त्याचे वीतभर तुकडे होतात, म्हणजे एका उसाला दोनच्या जागी वीस तोंडं. तो गाडीत लगेच भरला जातो ही त्याची जमेची बाजू, पण रांगेत ठेवला तर ती फुकट जाते. आमच्याकडं मात्र हार्वेस्टरची गाडी आणि कोयत्याची गाडी एकाच नंबरात उभ्या असतात.

माझं म्हणणं असं. टोळीनं रात्री तोडावं असं मी म्हणणार नाही. पहाटे चारला लेकराबाळांसह फडात उतरणाऱ्या माणसांना अजून काय सांगायचं? पण गेटबाहेरची रांग आधी काटा करून आत घेता येते. वजन झालं की पुढं वाळणारं पाणी कारखान्याच्या खात्यात. मग जादा तोड देताना अधिकारी दोनदा विचार करेल आणि मिल बंद पडल्याचा निरोप संध्याकाळच्या आत फडावर येईल. कारखाना म्हणेल, आम्ही पाण्याचे पैसे का द्यायचे? आज आम्ही देतोय म्हणून!

दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. स्लिपवर गट, उसाची जात, गाडी नंबर, तारीख सगळं असतं, तोड सुरू झाल्याची वेळ नसते. ती लिहा आणि नंबर पोचण्याच्या वेळेवर न लावता तोडीच्या वेळेवर लावा. हार्वेस्टर आणि जळीत ऊस आधी. जानेवारीच्या थंडीत 30 तास चालून जातील, मार्चमध्ये नाही. वेळ लिहिलेली नसेल तर कोण किती तास उभं होतं हेच कळत नाही. लोक खोटी वेळ लिहितील हे खरं, पण ती फडावर स्लिपबॉयनं लिहायची, गाडीवाल्यानं नाही.

यंदा मी स्वतःच सुरुवात केली. आमच्या पहिल्या स्लिपवर कोपऱ्यात पेनानं "तोड सकाळी 6.30" असं लिहून दिलं. यार्डातल्या माणसानं ती वाचली, मागं फिरवून बघितली आणि विचारलं, "हे काय, गाडीचं टायमिंग हाय का?" उसाचं आहे म्हटलं. तो हसला आणि माझा नंबर लावला, 118.