पासवर्डमधून गोदावरी वाहू द्या

पंचवटी एक्स्प्रेसमध्ये नाशिकरोडला बूड टेकताच लॅपटॉप उघडणाऱ्या तमाम चाकरमान्यांनो, फोनच्या हॉटस्पॉटचा पासवर्ड ठेवताना उगाच डोकं शिणवू नका. फोनने आपणहून दिलेला तो अगम्य अक्षर-आकड्यांचा पासवर्ड आधी पुसून टाका. शेजारच्या सीटवर सांगताना जीभ अडखळते, असला पासवर्ड काय कामाचा? त्या जागी ramkund टाका. फोन तो घेणार नाही, कारण त्याला किमान आठ अक्षरं लागतात आणि रामकुंडाची सातच भरतात. मग godavari टाका. बरोबर आठ! गोदामाई भक्ताला उपाशी ठेवत नाही.

देवाधर्मावर भरवसा नसेल तर आपला मोबाईल नंबरच पासवर्ड ठेवा. दहा आकडी, म्हणजे दिसायला भारदस्त, आणि पाठही असतो. आता काही शंकेखोर म्हणतील, हा फुटतो. फुटतो कसा तेही ऐकून घ्या, म्हणजे अभिमान वाटेल. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडताना दोघांत चार निरोपांची देवघेव होते. त्यात पासवर्ड उघडपणे जात नाही, पण पासवर्ड बरोबर आहे की नाही हे पडताळण्यापुरता ऐवज त्यात असतो. डब्यात बसलेला कुणीही ते निरोप टिपून घेतो आणि मग आपल्या यंत्रावर एकेक पासवर्ड लावून बघत बसतो. तुमच्या फोनला याचा पत्ताच नसतो, कारण चुकीचे प्रयत्न त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. तीन वेळा चुकलं की दार बंद, हा बँकेचा नियम इथे नाही.

भारतातला मोबाईल नंबर 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो, म्हणजे सगळे मिळून 4 अब्ज पर्याय. आकडा ऐकून छाती फुगली असेल. गेम खेळायला घेतलेलं एखादं ताकदवान ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या वर पासवर्ड तपासतं. भागाकार करा, फार तर 4,000 सेकंद! गाडी कल्याणला लागायच्या आत काम फत्ते. जन्मतारीख ठेवली असेल तर त्या बिचाऱ्याचा तेवढाही वेळ जाणार नाही. शंभर वर्षांत तारखा असतात जेमतेम साडेछत्तीस हजार. ज्याला सुचायला वेळ लागला तो तुम्हीच.

काही नतद्रष्ट मात्र चिठ्ठ्या टाकून पाच असंबद्ध शब्द काढतात आणि tavli-bhovra-nivdung-pagar-shinka असला पासवर्ड ठेवतात. दोन हजार शब्दांच्या यादीतून असे पाच उचलले, तर त्याच एका कार्डाला सगळे पर्याय तपासायला शेकडो वर्षं लागतात. चिठ्ठ्या टाकणं महत्त्वाचं, हे त्यांचं तुणतुणं; मनाने निवडले की माणूस पुन्हा गोदावरीच्याच काठी जातो. तुम्ही कष्ट कशाला घेता? वर छापलाय तोच उतरवून घ्या. सगळ्यांना ठाऊक झालेला पासवर्ड विसरला तरी कुणीही सांगेल.

Settings मध्ये Hotspot & tethering, त्यात Wi-Fi hotspot, तिथे Security नावाची ओळ असते (कंपनीगणिक नावं जरा बदलतात, आयफोनवर पासवर्ड Personal Hotspot खाली मिळतो). तिकडे बोट नेऊ नका. चुकून WPA3-Personal निवडलंत, तर टिपलेल्या निरोपांवर घरबसल्या पासवर्ड तपासण्याची सोयच बंद होते. प्रत्येक प्रयत्न तुमच्या फोनपाशी येऊन करावा लागतो. केवढी ही गैरसोय! जुना लॅपटॉप मात्र त्यावर जोडलाच जात नाही. मग नाइलाजाने WPA2/WPA3-Personal ठेवावं लागतं, आणि WPA2 ने जोडलेल्या लॅपटॉपला जुनाच धोका राहतो. तिथे पुन्हा त्या पाच चिठ्ठ्यांवरच भिस्त.

पासवर्ड बदलायचं पाप करूच नका. बदललात की आजवर ज्याला ज्याला दिला ते सगळे एका फटक्यात बाहेर. तुमचा स्वतःचा लॅपटॉपसुद्धा जुनाच पासवर्ड घोकत राहू शकतो. मग त्या नावावर Forget दाबून नव्याने जोडत बसा.

आणि जोडल्यावर विंडोजला Metered connection हे बटण चालू करून मुळीच दाखवू नका. हे घरचं वाय-फाय नाही, मोबाईलचा डेटा आहे, हे त्याला कळलं तर ते बरीचशी अपडेट्स रोखून धरतं. त्यापेक्षा त्याला पोटभर खाऊ द्या. इगतपुरी येईतो दिवसाचा डेटा संपेल, तेव्हा शेजारच्या काकांचा हॉटस्पॉट बघा. पासवर्ड विचारायची गरज नाही, मघाशी फोनवर ते कुणाला तरी आपला नंबर मोठ्याने सांगत होते.