सिन्स दिसलं म्हणून आयएनजी लावू नका

"सिन्स किंवा फॉर दिसलं की डोळे झाकून हॅव बीन आणि आयएनजी. ऑलरेडी, जस्ट, येट दिसलं की हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप. कंटिन्युअस म्हणजे काम अजून चालू. साधा परफेक्ट म्हणजे काम संपलं आणि परिणाम समोर दिसतोय. एवढं पाठ करा, रिकाम्या जागांचे मार्क जाणार नाहीत."

इंग्रजी व्याकरणाच्या रिकाम्या जागांसाठी मुलं हे सूत्र पाठ करतात, आणि ते जागोजागी फसतं. सिन्स आणि फॉर यांच्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त मार्क तिथेच जातात. हे दोन शब्द फक्त 'कधीपासून' आणि 'किती वेळ' एवढंच सांगतात. क्रियापदाचं रूप त्यांच्या हातात नसतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, 'आय हॅव बीन हॅविंग धिस सायकल सिन्स २०१९.' मी तिला म्हटलं, हेच मराठीत सांग. ती म्हणाली, 'ही सायकल माझ्याकडे २०१९पासून आहे.' आहे! सायकल असणं ही काही आपण करत बसायची गोष्ट नाही, ती स्थिती आहे. म्हणून 'आय हॅव हॅड धिस सायकल सिन्स २०१९.' ओळखणं, माहीत असणं, मालकीचं असणं, विश्वास असणं, आवडणं या सगळ्यांचं असंच. 'मी तिला दहा वर्षांपासून ओळखतोय' असं आपणही सहसा म्हणत नाही, 'ओळखतो' म्हणतो. इंग्रजीतही 'आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स'. मराठीत बोलून पाहण्याची ही युक्ती बऱ्याचदा उपयोगी पडते, पण 'आवडतंय'पाशी ती फसते. मराठीत ते सहज म्हणतात; परीक्षेत मात्र 'लाइक'ला आयएनजी लावू नका.

सिन्स असूनही आयएनजी चालत नाही अशी दुसरी जागा म्हणजे मोजणी. 'शी ___ (कॉल) मी फोर टाइम्स सिन्स मॉर्निंग.' इथे 'हॅज कॉल्ड' हवं. चार वेळा म्हटलं की प्रत्येक फोन आपापल्या जागी पूर्ण झाला आणि आपण फक्त बेरीज सांगतोय. 'चार वेळा' काढून टाका, आणि 'शी हॅज बीन कॉलिंग मी सिन्स मॉर्निंग' अगदी बरोबर होतं: सकाळपासून तिचे सारखे फोन चाललेत. वाक्यात किती पानं, किती पत्रं, किती किलोमीटर असं काही दिसलं की बोट त्या आकड्यावर ठेवा, सिन्सवर नको.

तिसरी जागा नकाराची. 'आय हॅव नॉट ईटन सिन्स ब्रेकफास्ट.' नाश्त्यानंतर खाणं झालंच नाही, मग चालू काय दाखवणार? लांबत गेलाय तो मधला रिकामा वेळ. तसंच 'इट हॅज नॉट रेन्ड सिन्स जून.' याचाही उलटा नियम करून पाठ करू नका, कारण 'आय हॅव नॉट बीन स्लीपिंग वेल सिन्स मंडे' बरोबर आहे. तिथे झोपणं रोज होतंय, फक्त नीट होत नाही.

ऑलरेडी आणि जस्टचं थोडक्यात सांगते. 'वी हॅव ऑलरेडी बीन वेटिंग फॉर ॲन आवर' हे रोजच्या वापरातलं वाक्य आहे. 'आय हॅव जस्ट बीन टॉकिंग टू युअर फादर' हेसुद्धा. शाळेच्या पुस्तकात हे शब्द बहुतेक वेळा साध्या परफेक्टसोबत येतात, त्यामुळे फटका कमी बसतो, पण खूण म्हणून ते कच्चेच.

आता चालू, संपलं आणि परिणाम यांचा मुद्दा. याच्यावर मला मनापासून राग आहे, कारण ऐकायला तो समजूतदार वाटतो आणि हुशार मुलंच त्यात अडकतात. एखादीचे डोळे लाल दिसले की आपण विचारतो, 'रडत होतीस का?' रडणं थांबलेलं असतं. म्हणून तर आपण 'होतीस' म्हणतो. इंग्रजीत तिथे 'हॅव यू बीन क्रायिंग?' येतं. काम संपलेलं, खूण डोळ्यांसमोर, आणि तरी कंटिन्युअस. बाहेर ऊन पडलंय, अंगण ओलं आहे: 'इट हॅज बीन रेनिंग.' आपण म्हणतो, 'पाऊस पडून गेलेला दिसतोय.'

म्हणजे परिणाम दिसतोय एवढ्यावर काहीच ठरत नाही. दिसतंय ते कशाचं, हे पाहावं लागतं. समजा फाटकाला निळा रंग द्यायचाय. फाटक निळं होणं, हे तर करायचंच होतं. ते झालं की 'आय हॅव पेंटेड द गेट'. पण हात निळे व्हावेत म्हणून कोणी रंगवायला बसत नाही. ती कामाच्या ओघात उरलेली खूण. ती पाहून आपण कामाबद्दल बोलतो, तेव्हा 'आय हॅव बीन पेंटिंग'. फाटक निम्मंच झालं असलं तरी हे वाक्य खरं राहतं, आणि ब्रश धुऊन ठेवला असला तरीही. घाम, धाप, मातीचे बूट, कांद्याचा वास, लाल डोळे हे सगळे त्या निळ्या हातांचे भाऊबंद. तुटलेला कप, भरलेली बॅग, लिहून झालेलं पत्र हे त्या फाटकाचे.

याच फाटकावर एक पूर्ण प्रश्न सोडवू.

— युअर हँड्स आर ब्लू! व्हॉट ___ यू ___ (डू)?
— आय ___ (पेंट) द गेट सिन्स एट ओक्लॉक. आय ___ (फिनिश) ओन्ली वन साइड, अँड आय ___ (नॉट ईट) सिन्स ब्रेकफास्ट.
— इज इट मिस्टर राव्ज गेट?
— येस. आय ___ (नो) हिम फॉर सिक्स इयर्स.

पहिल्या जागेत ऑलरेडी नाही, सिन्स नाही, पाठ केलेलं सूत्र गप्प. आपण हात पाहतो: 'हॅव यू बीन डूइंग'. दुसरीत आठ वाजल्यापासूनचं काम, आकडा नाही, नकार नाही: 'हॅव बीन पेंटिंग'. इथे सूत्रही बरोबर निघतं. तिसरीत एकच बाजू म्हणजे मोजणी आली, आणि पुरं होणं हाच अर्थ आहे: 'हॅव फिनिश्ड'. चौथीत नकार: 'हॅव नॉट ईटन'. पाचवीत ओळख: 'हॅव नोन'. पाचपैकी तीन जागांत सिन्स किंवा फॉर आहे, आणि त्या तीनपैकी दोन ठिकाणी आयएनजी लिहिलं की मार्क गेला.

काही रिकाम्या जागा मात्र खरोखरच दोन्ही बाजूंनी उघड्या असतात. 'आय ___ (वर्क) हिअर फॉर सिक्स इयर्स.' यात 'हॅव वर्क्ड' आणि 'हॅव बीन वर्किंग' दोन्ही बरोबर. 'लिव्ह'चंही तेच; फार तर कंटिन्युअसमध्ये थोडी तात्पुरतेपणाची छटा येते, भाड्याने राहत असल्यासारखी. उत्तरपत्रिकेत यातलं एकच उत्तर छापलं असेल आणि तुम्ही दुसरं लिहिलं असेल, तर ते खोडू नका. वही घेऊन बाईंकडे किंवा सरांकडे जा, आणि हे वाक्य दोन्ही रूपांत त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा.