तोंडी हिबा चालतो, पण ताबा कुठे आहे?

«मुस्लिम कायद्यात तोंडी हिबा पूर्ण कायदेशीर आहे. रजिस्ट्रेशन नको, स्टँप ड्युटी नको. दोन साक्षीदारांसमोर बोला, पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करून ठेवा, घर त्याच क्षणी मुलांच्या नावावर. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. नंतर कोणताही वारस काहीही करू शकत नाही. सगळ्यांना पाठवा.»

हा फिरणारा मेसेज हिब्याबद्दल आहे, म्हणजे मुस्लिम कायद्याप्रमाणे हयातीत मोबदला न घेता दिलेल्या बक्षिसाबद्दल. यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच पुढची खपून जातात.

कायदा असा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मालमत्तेचं बक्षीस नोंदणीकृत दस्तानेच होतं, त्यावर देणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार लागतात. पण त्याच कायद्याचं कलम १२९ सांगतं की या प्रकरणामुळे मुस्लिम कायद्याच्या नियमांना बाधा येणार नाही. त्यामुळे हिब्याला लेखाची सक्ती नाही. देणाऱ्याने दिल्याचं स्पष्ट सांगायचं, घेणाऱ्याने स्वीकारायचं आणि ताबा द्यायचा, या तीन गोष्टी झाल्या की हिबा पूर्ण झाला. तिन्हीतली एक जरी राहिली तरी काहीच झालेलं नसतं, मग साक्षीदार दोन असोत की वीस.

निकालाचं काय? मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा २०११ चा हफीझा बीबी विरुद्ध शेख फरीद हा निकाल असावा. हिबा साध्या कागदावर लिहिलेला होता, नोंदवलेला नव्हता. नोंदणी नाही म्हणून हायकोर्टाने तो नाकारला होता, सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला. तीन अटी पुऱ्या झाल्या असतील तर केवळ कागदावर उतरवला म्हणून हिब्याला नोंदणी सक्तीची होत नाही, असं कोर्ट म्हणालं. आता मेसेजमधून गळलेला भाग. लिहिलेल्या कागदाला नोंदणी लागेल की नाही, हे त्या त्या प्रकरणातल्या परिस्थितीवर ठरेल, हेही त्याच निकालात आहे. शिवाय तीन अटींमध्ये कोर्टाने कसलीही सूट दिलेली नाही. २०१४ साली रशीदा खातून विरुद्ध आशिक अली या खटल्यात सुप्रीम कोर्टासमोर पुन्हा नोंदणी नसलेला हिबानामा आला. ताबा मिळाल्याचं सिद्ध झालं नाही आणि दावा बुडाला. २०२५ मध्ये कलबुर्गीकडच्या जमिनीच्या वादातही तोंडी हिब्याचा दावा टिकला नाही. सांगणारे होते, पण त्या काळातल्या दप्तरात हिब्याची आणि ताब्याची खूण नव्हती. असे निकाल कुणी पुढे पाठवत नाही.

ताबा म्हणजे नेमकं काय? एक काल्पनिक घर घेऊ. तळमजल्यावर वडील आणि धाकटी मुलगी राहतात, वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू आहे. आई वारली आहे. दोन मुलगे आपापल्या घरी आहेत. कुटुंब सुन्नी हनफी. वडिलांनी काहीच केलं नाही तर मुलांना दोन-दोन आणि मुलीला एक वाटा, म्हणजे मुलीच्या वाट्याला एकपंचमांश घर येणार. मृत्युपत्राने तिला जास्त द्यावं तर वारसाच्या नावे केलेलं मृत्युपत्र बाकीच्या वारसांनी वडिलांच्या पश्चात संमती दिल्याशिवाय चालत नाही. अख्खं घर तिला द्यायचं तर हयातीत हिबा करणं हाच मार्ग उरतो. अशा घरांत हिबा होतो आणि अशाच घरांत पुढे कज्जा होतो.

एका शुक्रवारी वडील दोन नातेवाइकांसमोर म्हणतात, "हे घर मी हिला दिलं." मुलगी म्हणते, "मी घेतलं." स्टँप पेपरवर मजकूर टाइप होतो, नोटरीचा शिक्का बसतो, कागद कपाटात जातो. त्यानंतर तीन वर्षं भाडेकरू महिन्याच्या पाच तारखेला पूर्वीसारखाच अब्बांच्या हातात भाडं देतो आणि पावतीवर अब्बांचीच सही असते. घरपट्टी त्यांच्या नावाने येते, वीजबिल त्यांचंच, मूळ खरेदीखत त्यांच्याच ट्रंकेत. मग ते वारतात आणि मुलगे वाटपाचा दावा लावतात. हिबा झाला असं मुलगी म्हणते, म्हणून सिद्ध करायचा भार तिच्यावर. दोनातला एक नातेवाईक गेलेला आहे, दुसरा उलटतपासणीत नमाजच्या आधी की नंतर यावर अडखळतो. तरी त्या साक्षीपेक्षा जास्त नुकसान त्या भाडेपावत्यांनी होतं. घर दिलं होतं तर भाडं कोणत्या हक्काने घेत होते, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही.

गंमत म्हणजे हे टाळायला वडिलांना घर सोडून जायची गरजच नव्हती. देणारा आणि घेणारा एकाच घरात राहत असतील तर बिऱ्हाड हलवावं लागत नाही. नवराबायकोतल्या हिब्यालाही हेच लागू आहे, आणि बाप अल्पवयीन मुलाला देतो तेव्हा तर त्याचा स्वच्छ इरादा दिसला तरी पुरतं. मात्र मालकी हातातून सोडली हे दाखवणारी उघड कृती हवी. या घरात ती सोपी होती. भाडेकरूला समोर बसवून "आजपासून भाडं हिच्या हातात द्या, पावती ही देईल" असं सांगायचं, त्याची लेखी पोच घ्यायची आणि खरेदीखत मुलीकडे सोपवायचं. घरपट्टी आणि मिळकत पत्रिकेवर नाव लावायचा अर्ज त्याच आठवड्यात द्यायचा. पुढे मुलीने भाड्यातले पैसे वडिलांच्या औषधपाण्याला खर्च केले तरी बिघडत नाही, पावती तिची असली म्हणजे झालं.

घर दुसऱ्याच्या बेकायदा कब्जात असेल तर तोंडी हिबा जवळपास व्यर्थ. देणाऱ्याकडेच ताबा नाही, तो देणार काय? सामाईक, न वाटलेल्या हिश्श्याचा हिबाही कटकटीचा असतो. वाटप होऊ शकणारी मिळकत आधी वाटून मग द्यावी. एका वारसाने दुसऱ्या सहवारसाला दिलेला हिस्सा हा त्याला अपवाद आहे.

नोटरी आणि पाचशेचा स्टँप. नोटरी सही कोणाची हे पाहतो. त्याच्या शिक्क्याने मालकी सरकत नाही आणि त्याच्या रजिस्टरमधली नोंद दुय्यम निबंधकाच्या सूचीत दिसत नाही. महाराष्ट्रात तर या कागदाचा आणखी एक काटा आहे. तोंडी बक्षीस झाल्याचं नमूद करणारा लेखही आपल्या मुद्रांक कायद्याने बक्षीसपत्रातच धरला आहे. म्हणजे 'अमुक तारखेला तोंडी दिलं' असं नुसतं लिहून ठेवलं तरी त्यावर बक्षीसपत्राचं शुल्क लागतं. ते भरलेलं नसेल तर कोर्ट तो कागद पुराव्यात घेत नाही. अडकवून ठेवतं, आणि कमी पडलेलं शुल्क दरमहा २ टक्के दंडासह भरायला लावतं. ज्या कागदावर भिस्त, तोच ऐन वेळी बाजूला.

आणि वाचवायचं तरी किती? राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. शहरात त्यावर स्थानिक अधिभार लागतो, तो आधी विचारून घ्यावा. भावाबहिणीला द्यायचं असेल किंवा मालमत्ता दुकान असेल तर मात्र ही सवलत नाही, तिथे ३ टक्क्यांचा हिशेब येतो. आई-वडिलांनी मुलांना राहतं घर देण्यासाठी नोंदणी टाळणं हा निव्वळ तोट्याचा व्यवहार आहे, असं माझं मत.

नोंदणीने मिळतं काय? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तारीख. मृत्यूच्या छायेतल्या शेवटच्या आजारात, म्हणजे मर्ज-उल-मौतमध्ये, केलेला हिबा मृत्युपत्रासारखा धरला जातो. तो एकतृतीयांशापुरताच चालतो, आणि वारसाला दिला असेल तर इतर वारसांच्या संमतीशिवाय तेवढाही नाही. वर्षांनी वाद झाला की भाऊ हेच म्हणतात, "अब्बा अंथरुणाला खिळल्यावर हे झालं." तोंडी हिब्याची तारीख साक्षीदारांच्या आठवणीवर टांगलेली असते. नोंदणीकृत दस्तावर तारीख, फोटो आणि अंगठ्याचा ठसा असतो, माणूस कार्यालयात आला होता हे तिथेच दिसतं. मूळ हरवला तरी नक्कल मिळते. दस्ताची माहिती महसूल दप्तराकडे जाते. तोंडी हिब्यात मात्र तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची जबाबदारी घेणाऱ्याची, आणि हरकत आली की फेरफार रखडतो. घर विकताना किंवा तारण ठेवताना वकील शोध घेतो तो नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टू या सूचीत, शेजाऱ्यांच्या आठवणीत नाही.

तरी नोंदणी म्हणजे सगळं झालं असंही नाही. मुस्लिम कायद्यातल्या हिब्यात नोंदणीने ताब्याची उणीव भरून निघत नाही. दस्तात 'ताबा दिला आहे' असं लिहिलेलं असतं, आणि भाडेपावत्या अब्बांच्या निघतात. तो दस्तही कोसळू शकतो. मघाच्या घरात दस्त नोंदवूनही भाडेकरूला निरोप गेला नसता तर मुलीची बाजू थोडी बरी झाली असती, भक्कम नाही.

'वारस काही करू शकत नाही' हे पुऱ्या झालेल्या हिब्याबद्दल बरंचसं खरं आहे. धडधाकट माणूस हयातीत सगळी मालमत्ता कुणालाही देऊ शकतो, त्याला एकतृतीयांशाची मर्यादा नाही. पण हिबा पुरा झालाच नाही हे म्हणायला वारस मोकळे असतातच, आणि बहुतेक दावे तिथेच लढवले जातात. ताबा देण्याआधी तर देणारा स्वतःच मागे फिरू शकतो.

तोंडी हिबा आधीच झालेला असेल आणि देणारे हयात, शुद्धीवर असतील तर वकिलाकडून बक्षीसपत्र करून नोंदवून घ्या आणि ताब्याची राहिलेली कामं त्याच वेळी पुरी करा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही अशी असेल तर परवानगीचं आधी बघा. देणारे वारले असतील तर जुन्या तारखेचा कागद तयार करण्याच्या फंदात पडू नका, तो गुन्हा आहे आणि स्टँपच्या विक्री नोंदीवरून उघडकीला येतो. त्याऐवजी तुमच्या सहीच्या भाडेपावत्या, तुम्ही भरलेली घरपट्टी, दुरुस्तीची बिलं आणि भाडेकरूची साक्ष, जे त्या काळातलं आहे ते गोळा करा.