दीड इंच माया

जूनमध्ये, पाऊस तोंडावर आलेला असताना, मी गिरगावातल्या आमच्या मास्तरांकडे राखाडी पँट शिवायला टाकली. त्यांनी कंबर, सीट, मांडी, गुडघा आणि मोहरी अशी मापे खणखणीत आवाजात सांगितली आणि पोऱ्याने ती वहीत उतरवून घेतली. कंबर 34 भरली. ती जन्मतारखेसारखी कायमची असते, अशी माझी त्या वेळी समजूत होती.

गणपती विसर्जनानंतर पँटचा हूक लागेना. मास्तरांनी पँट उलटी करून मागची शिवण दाखवली. शिवणीच्या दोन्ही बाजूंना त्यांनी दीड-दीड इंच जादा कापड राखले होते. या कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात, आणि तयार कपड्यांच्या दुकानातल्या पँटला ती जेमतेमच असते. दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच माया सोडल्यावर कंबर 35 झाली. जुन्या शिवणीच्या जागी एक रेघ उरली आणि तिच्या आत दडून राहिलेले, न विटलेले कापड गडद पट्ट्यासारखे बाहेर आले. तेव्हापासून मी शर्ट बाहेर सोडू लागलो.

दिवाळीनंतर 35½ हे माप मास्तरांनी पोऱ्याच्या कानात सांगितले. संक्रांतीच्या सुमारास ते काहीच बोलले नाहीत; टेपवर अंगठा दाबून त्यांनी ती पोऱ्याकडे वळवली, एवढेच. मी श्वास रोखून पोट आत ओढून उभा होतो. मास्तरांनी टेपच्या आत दोन बोटे सरकवली आणि शांतपणे विचारले, “साहेब, धाकटी यंदा कितवीला?” मी “नववीला” म्हणालो, त्यासरशी श्वास सुटला आणि टेप 36 वर येऊन थांबली. हा प्रश्न ते प्रत्येक गिऱ्हाइकाला नेमका याच क्षणी विचारतात, हे मला बाकावर बसून पुढच्या गृहस्थांचे माप पाहताना कळले.

एव्हाना दोन्हीकडची एकेक इंच माया संपली होती. उरलेल्या अर्ध्या इंचाला हात लावला तर बसताना शिवण उसवेल, असे मास्तरांनी बजावले. मग मी शेवटचा उपाय म्हणून टेपवरच संशय घेतला. ती कापडी होती, कडा विरलेल्या होत्या, आणि जुनी टेप खोटे माप दाखवणारच, असे मी जरा चढ्या आवाजात ऐकवले.

मास्तरांना राग आला नाही. त्यांनी कापायच्या टेबलावरच्या लोखंडी पट्टीला टेप लावून पाहिली आणि मान डोलावली. माझा संशय खरा निघाला होता. वर्षानुवर्षे ओढून टेप ताणली गेली होती आणि तिच्यावरचे 36 इंच पट्टीवर सव्वाछत्तीस भरत होते. मास्तरांनी पोऱ्याकडून वही घेतली, 36 वर काट मारली आणि अवाक्षर न बोलता त्याशेजारी 36¼ लिहिले.