शेवट समजावून सांगणाऱ्यांनो, मिसळ तरी खाऊ द्या

(‘अंधाधुन’ पाहिला नसेल तर इथेच थांबा. 2018 चा सिनेमा आहे, आता तुमच्यासाठी अजून किती गप्प बसायचं?)

आज सकाळी डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. नाशिकला गंगापूर रोडवर नेहमीच्या ठिकाणी आमची रविवारची टोळी जमली होती. पश्याने काल रात्री एकदाचा ‘अंधाधुन’ पाहिला. इतकी वर्षं आम्ही त्याच्या मागे लागलो होतो. मिसळ यायच्या आधीच तो सुरू झाला, “अगं, तो आंधळा पियानोवाला शेवटी काठीने रस्त्यावरचा डबा उडवतो ना, तेव्हा मी...” आणि तेवढ्यात निलेशने मोबाईल काढून ‘शेवटाचा खरा अर्थ’ छाप व्हिडिओ लावला. फुल आवाजात. शेजारच्या टेबलावरचे काका सुद्धा वळून बघायला लागले. दहा मिनिटं तो व्हिडिओवाला ओरडत होता, आम्ही माना डोलवत होतो, आणि पश्याचं वाक्य जे राहिलं ते राहिलंच. व्हिडिओ संपला तसा निलेश म्हणाला, “झालं, क्लिअर?” आणि विषय थेट द्वारकेच्या ट्रॅफिकवर गेला.

काय क्लिअर झालं रे? पश्याला काय वाटलं होतं ते तुला माहीत आहे का?

एक सोप्पी गोष्ट आधी सांगते, कारण निम्मी भांडणं तिथेच अडकतात. मोकळे सोडलेले शेवट सगळे एकाच जातीचे नसतात. ‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ आपल्यावर येतो आणि सिनेमा संपतो. तिथे काय घडलं याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. पुढे काय होणार ते माहीत नाही, एवढंच. ‘अंधाधुन’चं उलटं आहे. तिथे पुढे काय होणार हे कुणी विचारत नाही, आधी नक्की काय घडलं हेच धड कळत नाही. पहिल्यावर बोलायचं तर त्या माणसाबद्दल आणि आपल्याबद्दल बोलावं लागतं. दुसऱ्यावर बोलायचं तर साक्षीपुरावा तपासावा लागतो. हे आधी ठरवलं नाही की एक जण समाजावर भाषण देतो आणि दुसरा गाडीचा नंबर शोधत बसतो.

आता साक्षीपुराव्याचं. हे मला शिकवलं आमच्या सासूबाईंनी, कुठल्या चॅनेलने नाही. सिनेमा आला तेव्हा आम्ही सगळे मिळून थिएटरला गेलो होतो, आईंनाही नेलं होतं. बाहेर आल्यावर पार्किंगमध्येच आम्ही सुरू. निलेश (हो, हाच निलेश, तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं मत असायचं) छातीठोकपणे म्हणाला, “त्याने सिमीचे डोळे काढून घेतले. डबा उडवला म्हणजे त्याला दिसतंय. संपलं.” सगळ्यांनी मान्य केलं. आई स्कूटरला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “दिसतंय एवढंच कळलं की रे. डोळे कुणाचे, ते कुठे दाखवलं?”

पार्किंगमध्ये शांतता!

बघा ना, किती बरोबर आहे. डबा एवढंच सांगतो की आकाशला दिसतं. कुणी कुणाला मारलं, कुणी वाचवलं, डॉक्टर मेला का, सिमी मेली का, यातलं काहीही तो डबा सांगत नाही. पण आपण काय करतो, एक खूण सापडली की तिच्या खुंटीवर अख्खी कपड्यांची दोरी टांगतो.

मग आईंनीच पुढचा प्रश्न विचारला, आणि मला वाटतं गुंता असलेल्या कुठल्याही शेवटाला पहिला हाच विचारावा. “हे सगळं आपल्याला सांगतंय कोण?” आठवा. डॉक्टर स्वामी गाडी चालवतोय, सोंगाड्या आकाशला खरंच आंधळं करणारी सिमी डिकीत, आकाश शेजारी. सिमीचं लिव्हर विकायचं आणि तिचे कॉर्निया आकाशला, असा सौदा डॉक्टर त्याच्यापुढे ठेवतो. गाडी रस्त्यात थांबते. आणि तिथून सिनेमा सरळ दोन वर्षं पुढे, पोलंडमधल्या क्राकूवला जातो. त्यानंतर जे कळतं ते सगळं आकाश त्याच्या जुन्या मैत्रिणीला, सोफीला, कॉफी पिता पिता सांगतोय. सिमीने डॉक्टरला मारलं, स्वतः स्टिअरिंगवर बसली, आकाशला उतरवलं, मग त्याला उडवायला गाडी वळवून आली, शेतकऱ्याने सशावर गोळी झाडली, ससा उडून काचेवर आपटला, गाडी आपटून सिमी गेली. हे आपण पडद्यावर बघतो, म्हणून आपल्याला ते ‘घडलं’ असं वाटतं. पण ती आकाशची जबानी आहे. आणि हा आकाश कोण? जो सिनेमाच्या पहिल्या तासात धडधडीत डोळे असून आंधळा म्हणून हिंडत होता!

इथून पुढे मजा येते. आकाशच्याच कथेप्रमाणे तेव्हा त्याला दिसत नव्हतं. तो स्वतः सांगतो की गाडी सिमी चालवतेय हे त्याला कळलंच नाही, तो आपला डॉक्टर समजून तिलाच समजावत होता की बाईला सोडून दे. मग रस्त्यावर एकट्या उभ्या आंधळ्या माणसाला कसं कळलं की शेतकरी होता, ससा होता, ससा काचेवरच आपटला? आणि त्याच्या हातातल्या काठीची मूठ बघितलीत का? सशाचं तोंड आहे. हातातल्या काठीकडे बघून सशाची गोष्ट रचली, असं म्हणायला पूर्ण जागा आहे. शिवाय स्वतःच्या गोष्टीत तो अगदी संत. तिला सोडा म्हणतो, तिच्या मरणात त्याचा हात नाही, सगळं त्या सशाने केलं. फारच सोयीचा ससा नाही का?

बरं, दुसरी बाजू आहे, मान्य. अपघातानंतर लोक जमले असतील, त्यांनी सांगितलं असेल. आणि जीव वाचवला म्हणून नंतर सशाची मूठ करून घेतली असेल. शिवाय तो एका डोळ्याने आंधळा ससा आणि कोबीच्या शेतातला बंदूकवाला आपल्याला अगदी सुरुवातीलाच दिसतात, आकाशची ओळखही व्हायच्या आधी. ते दिग्दर्शकाने दाखवलं, आकाशने नाही, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे ठोस उत्तर नाही. (अख्खा सिनेमाच आकाशची कहाणी आहे असं मी म्हणू शकते. म्हणतेच.)

पण मुद्दा असा की एवढं बोलायला आम्हाला त्या रात्री पार्किंगमधून कॉलेज रोडच्या कट्ट्यापर्यंत आणि तिथून घरी चहापर्यंत जावं लागलं, आणि त्यात प्रत्येकाने काहीतरी टाकलं. काठीची मूठ रूपालीने पाहिली होती, आमच्यापैकी कुणीच नाही. गाडी कोण चालवतंय ते आकाशला माहीत नव्हतं, हे माझ्या नवऱ्याच्या लक्षात होतं, एरवी ज्याला घराची किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. आई मध्ये मध्ये एवढंच विचारायच्या, “हे तू पाहिलंस, का तुला वाटलं?” बास. प्रत्येक वाक्याला हाच एक प्रश्न. आपण ‘त्याने तिचे डोळे घेतले’ हे पाहिल्यासारखं सांगतो आणि प्रत्यक्षात पाहिलेलं असतं फक्त रस्त्यावरून उडालेला डबा. हे दोन वेगळे ठेवले की चिडाचीड निम्म्याने कमी होते, कारण मग पाहिलेल्यावर भांडण उरत नाही, पुन्हा लावून बघता येतं. भांडायचं ते फक्त वाटलेल्यावर.

आणि दुसरं. ज्याची जी थिअरी, त्याने तिची वजाबाकीही सांगायची. निलेशची ‘डोळे काढले’ थिअरी धरली तर काठीची मूठ बसते, जबानीतली भोकं बसतात, पण सुरुवातीचा ससा लटकतो. ‘आकाश खरं बोलतोय’ धरलं तर ससा बसतो, पण मग त्याला दिसायला कसं लागलं आणि सोफीपासून ते लपवलं का, हे लटकतं. सगळं बसवणारी थिअरी मला तरी अजून भेटलेली नाही. व्हिडिओवाले काय करतात, लटकणारा भाग कापून टाकतात. म्हणून ते क्लिअर वाटतं!

“दिग्दर्शकालाच शेवट सुचला नाही म्हणून सोडून दिला” म्हणणाऱ्यांचा मला पूर्वी राग यायचा, आता कीव येते. कधी कधी ते खरंही असतं, आळशी सिनेमे मी पण पाहिलेत. पण इथे नाही. हा सिनेमा ज्या फ्रेंच लघुपटावरून सुचला, तो ‘लाकॉर्दर’ (ऑलिव्हिए ट्रेनेर, 2010), पियानो ट्यून करणाऱ्याची जेमतेम पाव तासाची गोष्ट. तिथे आंधळ्याचं सोंग घेतलेला माणूस पियानो वाजवतोय आणि ती बाई खिळे ठोकायची गन घेऊन त्याच्या मागे उभी, तिथेच संपवलं. म्हणजे मूळ गोष्टीलाच शेवट नव्हता. श्रीराम राघवननी त्या अडकलेल्या क्षणातून पुढे अख्खा सिनेमा काढला आणि तरीही शेवटी दार किलकिलं ठेवलं. हे न सुचणं नाही हो, हे मुद्दाम केलेलं काम आहे.

आत्ता टाईप करता करता राग थोडा उतरलाय. निलेशचंही कळतं. आठवडाभर सातपूरला शिफ्ट करून आलेल्या माणसाला रविवारी तरी एक गोष्ट पूर्ण झालेली हवी असते. बघ बाबा, घरी बसून बघ, माझी ना नाही. पण पश्याचं बोलून झाल्यावर. पहिल्यांदा पाहिलेल्या माणसाकडे जे असतं ते आपल्याकडे परत येत नाही. तो डबा उडाल्यावर पश्याच्या पोटात काय झालं ते व्हिडिओवाल्याला ठाऊक नाही, आणि आता बहुतेक पश्यालाही आठवणार नाही. हे लिहिताना परत चिडले मी.

तेव्हा पुढच्या रविवारी सगळे आमच्या घरी. सिनेमा लावायचा नाही, फक्त शेवटची काही मिनिटं, गाडी थांबते तिथपासून. मोबाईल फ्रीजवर. पहिलं पश्या बोलेल, आणि आई आहेतच.

तोवर एक अडकलेलं सांगते, यावर कमेंटमध्ये भांडा. सगळं ऐकून सोफी म्हणते, तू डॉक्टरचं ऐकायला हवं होतंस. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तो (माझ्या मते) खोटं बोलला, ती गोष्ट तिने माफच केली होती! तरी तो गप्प उठून जातो, तिला काही सांगत नाही, आणि रस्त्यावर एकटा झाल्यावर डबा उडवतो. का? लाज? सवय? आंधळा पियानोवाला म्हणून गर्दी जास्त जमते म्हणून? निलेश, तू पण लिही. लिंक न टाकता.