4:4:4 निवडण्याबाबत खुलासा

“टीव्हीला जोडलेल्या बॉक्सवर 4:4:4, म्हणजे प्रत्येक बिंदूला स्वतंत्र रंग पाठवण्याचे स्वरूप, लावले की चित्र सर्वांत उत्तम दिसते, हे खरे ना?”

सरसकट नाही. फोर-के डिस्कवर आणि स्ट्रीमिंगवर रंगाची माहिती मुळातच 4:2:0 या स्वरूपात, म्हणजे दर चार बिंदूंमागे एकदाच, साठवलेली असते. 4:4:4 निवडल्याने त्यात नवी माहिती येत नाही, फक्त मधले रंग टीव्हीऐवजी बॉक्स भरतो. खरी अडचण वहनक्षमतेची आहे. एचडीएमआय २.० जोडणीतून सेकंदाला १८ गिगाबिट जातात आणि सेकंदाला ६० चौकटींचे फोर-के चित्र 4:4:4 मध्ये पाठवायचे, तर त्यात प्रत्येक रंगाच्या छटांसाठी ८ बिटच मावतात. उजेड-अंधाराच्या अधिक छटा दाखवणाऱ्या एचडीआर चित्रासाठी मात्र १० बिट हवेत.

टिळकवाडीतील एका स्नेह्यांकडे नेमके हेच घडले होते. एचडीआर चित्रपटातील संध्याकाळचे आकाश सलग न उतरता पायऱ्यांसारख्या पट्ट्यांत दिसत होते. टीव्हीचा माहिती फलक ८ बिट दाखवत होता. बॉक्सवर 4:2:2, म्हणजे दर दोन बिंदूंमागे एकदा रंग, आणि १० बिट निवडताच पट्ट्या नाहीशा झाल्या. त्याआधी टीव्हीच्या त्याच पोर्टसाठी टीव्हीच्या सेटिंगमधून एचडीएमआयचे वाढीव स्वरूप सुरू करावे लागले. ते बंद असेल, तर हा पर्याय बहुधा दिसतच नाही. बदलानंतर पडदा मधूनच काळा होऊ लागला किंवा ठिपके चमकू लागले, तर आधी केबल बदलून पाहावी.

सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटाला हे बंधन नाही, तिथे 4:4:4 मध्येही १० बिट मावतात. संगणक जोडून बारीक अक्षरे वाचायची असतील, तर मात्र 4:4:4 च निवडावे.